‘हाय’च्या पुढचा शब्द

रात्रपाळी करणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साठतात. दिवसा घडलेली गोष्ट माणूस संध्याकाळी कुणालातरी सांगून मोकळा होतो. रात्री घडलेली सांगायला सकाळी घरी यावं, तर घरातले सगळे घाईत. मग ती तशीच आत राहते, तिच्यावर दुसरी येते. अशी माझी बावीस वर्षं साठली आहेत. मी हळू बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

बडोद्यात आमची लायब्ररी एका जुन्या ट्रस्टची. वाचनकक्ष रात्रभर उघडा, कारण परीक्षेची मुलं. मी तिथं आलो बाइंडर म्हणून. फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे. शिक्षण चौथी पास, पाचवीत दोन महिने. पुढं डोळे थकले, सुई दिसेना, तेव्हा ग्रंथपाल सुमतीबाईंनी मला रात्रीच्या काउंटरवर बसवलं.

पहिल्याच आठवड्यात फोन आला. “लायब्रेरियन छे?”

मी म्हटलं, “दिवसाच्या बाई घरी गेल्या. रात्रीचा मीच.”

“तुमचं क्वालिफिकेशन?”

“मला रात्री झोप येत नाही.”

समोरच्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो ट्रस्टचा सेक्रेटरी होता.

•

आमच्याकडे पुस्तक हवं असेल तर चिठ्ठी भरावी लागे. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आपलं नाव. ती चिठ्ठी घेऊन मी आत जायचो आणि पुस्तक काढून आणायचो. काम सोपं वाटतं. पण माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं, हे मला खंडेराव मार्केटमधल्या एका भाजीवाल्या आजोबांनी शिकवलं.

रात्री नऊला आले. म्हणाले, “गुजरातचा नकाशा द्या.”

मी मोठा नकाशा काढून दिला. तासभर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “याच्यापेक्षा मोठा आहे?” मी जिल्ह्याजिल्ह्याचे नकाशे आणले. टेबल भरलं. दहा वाजले, साडेदहा वाजले. शेवटी आजोबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “भाई, यात बसचा टाइम कुठं लिहिलाय?”

मुलीच्या सासरी जायचं होतं त्यांना. पहाटेची एसटी किती वाजता, एवढंच हवं होतं.

सकाळी मी हे बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “नाना, ‘नकाशा कशासाठी हवाय?’ एवढं एक वाक्य विचारलं असतंत, तर आजोबा नऊ वाजता घरी गेले असते.”

•

आता मोहितेचं सांगतो.

डिसेंबरचे दिवस. रात्रीचे साडेनऊ. दारातून एक माणूस आत आला. कपाळावरचे केस विरळ झालेले, हाताला ऑइलचा वास, काखेत शाळकरी पिशवी. मला वाटलं, मुलाला न्यायला आलेला बाप असेल. तो काउंटरसमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “हाय.”

बस. पुढं काही नाही.

मला वाटलं, नवा माणूस आहे, सगळं समजावून सांगावं. मी सुरू झालो. सभासद कसं व्हायचं, दोन फोटो लागतात, पिशवी कुठं ठेवायची, चिठ्ठी कशी भरायची, पुस्तकावर रेघा मारायच्या नाहीत, पंखा कोणता बंद आहे, पाणी कुठं आहे. मी हळू बोलतो, म्हणून पाच-सात मिनिटं गेली असतील. तो मान हलवत होता. माझं संपलं तेव्हा म्हणाला, “थँक्यू,” आणि निघून गेला.

मला तर वाटलं, चांगलं काम झालं.

•

दुसऱ्या रात्री तो परत आला. “हाय.”

मी ठरवलं, आज सांगायचं नाही, विचारायचं. म्हटलं, “बोला, काय हवंय? पुस्तक? पेपर? कोणता विषय? कुठं शिकता? की मुलासाठी?”

सहा प्रश्न एका दमात. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाटलं, मी त्याची पिशवी जमिनीवर उलटी केली आहे. तो म्हणाला, “काही नाही, असंच.” दाराशी दोन मिनिटं नोटिसा वाचल्यासारखं केलं आणि गेला.

तिसऱ्या रात्री मी चिडलो होतो. त्याच्यावर नाही, स्वतःवर. ठरवलं, याला त्रासच द्यायचा नाही. तो “हाय” म्हणाला, मी मान हलवली आणि रजिस्टर लिहीत राहिलो. तो उभा. घड्याळाकडे पाहतोय, माझ्याकडे पाहतोय. मी मान वर केली नाही. वर पाहिलं तेव्हा काउंटर रिकामा होता.

समोर अभ्यास करणारा, समा भागातल्या सोसायटीतला एक मुलगा म्हणाला, “काका, आज तर तुम्ही बिचाऱ्याला पाणी पण नाही दाखवलं.”

•

सकाळी बाई आल्या तसं मी सगळं सांगितलं. त्यांनी तिन्ही रात्रींचं नीट ऐकून घेतलं.

“तो काय म्हणाला?”

“हाय.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

मी आठवून पाहिलं. तीन रात्रींत मी एकदाही त्याला उलट “हाय” म्हटलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “नाना, तो काही मागत नाहीये. दार उघडं आहे का ते बघतोय. तुम्ही पहिल्या दिवशी अख्खं घर त्याच्या अंगावर टाकलंत, दुसऱ्या दिवशी चौकशी केलीत, तिसऱ्या दिवशी दार लावलंत.”

“मग करायचं काय?”

“त्यानं जेवढं दिलं तेवढंच परत द्यायचं, वर थोडं. हायला हाय. आपलं नाव सांगायचं, म्हणजे त्याला हाक मारायला काहीतरी मिळतं. मग एकच वाक्य, पण असं की त्याला हो-नाही म्हणून सुटता येणार नाही आणि उत्तर द्यायलाच पाहिजे असंही वाटणार नाही. आणि त्यानंतर गप्प बसायचं.”

“गप्प तर मी बसलो होतो.”

“तुम्ही पाठ फिरवून गप्प बसला होतात. तोंड त्याच्याकडे ठेवून गप्प बसा. हातात काहीतरी काम घ्या, म्हणजे त्याला वाटणार नाही की तुम्ही त्याची वाट बघताय. आणि ती शांतता तुम्ही मोडायची नाही. अवघड असतं ते. मनात वीस मोजा.”

त्या दिवशी मी झोपलोच नाही. आडवा पडून ते एक वाक्य जुळवत होतो. काही झालं तरी या माणसाच्या तोंडून पुढचा शब्द काढायचाच, असं मी पक्कं केलं.

•

पण चौथ्या रात्री तो आलाच नाही. पाचव्या रात्री नाही, सहाव्या रात्रीही नाही. त्या तीन रात्री कशा गेल्या ते माझं मला माहीत.

सातव्या रात्री आला. माझ्या हातात फाटकं पुस्तक आणि गोंदाची वाटी होती.

“हाय.”

“हाय,” मी म्हटलं. “मी नाना. रात्री इथं मीच असतो. निवांत या. काय मनात असेल ते सांगा, आज नाहीतर उद्या.”

आणि मी पानाला गोंद लावायला लागलो. मनात मोजत होतो. अकरा, बारा, तेरा. जीभ शिवशिवत होती. सतरा, अठरा.

“बसू का?” तो म्हणाला.

तिथं बसायला कुणाचीच परवानगी लागत नव्हती. पण हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, “बसा ना.”

तो माझ्या समोरच्या स्टुलावर बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “मोहिते. छाणीला वर्कशॉपमध्ये आहे. मुलगी इंग्लिश मीडियमला आहे. ती म्हणाली, पप्पा, लायब्ररीत गेलं की आधी हाय म्हणायचं. त्याच्यापुढं काय म्हणायचं, ते तिनं सांगितलं नाही.”

•

पुढच्या चार रात्रींत एकेक करून कळलं. मोहितेचे आजोबा बडोद्याच्या महाराजांच्या पलटणीत होते, त्याचा त्याला अभिमान. हा मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेला, वीस वर्षं वर्कशॉपमध्ये हेल्पर. एका मोठ्या कारखान्यात ऑपरेटरच्या जागा निघायच्या होत्या. अट दोन गोष्टींची. दहावी पास पाहिजे आणि वय चाळीसच्या आत पाहिजे. मोहिते श्रावणात चाळीस पूर्ण करणार होता. मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसायचं, तेच पहिलं आणि तेच शेवटचं.

“बाकी विषय होतील,” तो म्हणाला. “गणित.”

मी आनंदानं उठलो. आता मागणी कळली होती. दहावीच्या गणिताची तीन गाइडं त्याच्यासमोर ठेवली.

बारा वाजता पाहिलं, तो पान सातवर. दुसऱ्या रात्री पान सातवर. मी विचारलं, “मिळालं ना हवं ते?”

“हो.”

तिसऱ्या रात्रीही पान सात.

सकाळी बाई म्हणाल्या, “‘मिळालं ना’ असं विचारलं की भला माणूस हो म्हणतो. दुसरं काय म्हणेल? ‘कुठं अडलं, मला दाखवा’ म्हणा.”

मी त्या रात्री तसंच म्हटलं. मोहितेनं इकडंतिकडं पाहिलं. वाचनकक्षात वीस-बावीस मुलं होती, कुणी इंजिनीयर होणार, कुणी डॉक्टर. त्यानं पान सातवर बोट ठेवलं. समीकरण होतं. पण बोट समीकरणावर नव्हतं. आतल्या एका आकड्यावर होतं. वर एक, मध्ये रेघ, खाली आठ.

“हे,” तो हळूच म्हणाला. “हे मला पहिल्यापासूनच नाही. एक अष्टमांश मोठा का एक चतुर्थांश? आठ मोठे ना?”

मग मला समजलं, तो पहिल्या रात्रीपासून काय मागायला आला होता. त्याला पाचवीचं पुस्तक हवं होतं. आणि ते मिशीवाल्या माणसानं काउंटरवर मोठ्यानं कसं मागावं?

•

पाचवीची पुस्तकं बालविभागात. बालविभाग संध्याकाळी सहाला बंद. दारावर पाटी: चौदा वर्षांवरील वाचकांना प्रवेश नाही. तिथलं पुस्तक खोलीबाहेर न्यायचं नाही, हा दुसरा नियम. मुलं पुस्तकं कुठंही टाकतात म्हणून केलेला.

मी बाईंना विचारलं. त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. मग म्हणाल्या, “नियम कमिटीचा आहे, मला मोडता येत नाही. बालविभागाची किल्ली माझ्या खणात असते. खणाला कुलूप नाही. आणि मी तुम्हाला यातलं काहीही सांगितलेलं नाही.”

त्या रात्रीपासून मोहिते बालविभागात बसू लागला. टेबल गुडघ्याएवढं, खुर्ची वीतभर. तो बसला की गुडघे कानाला लागायचे. समाचा तो मुलगा दारातून डोकावून म्हणाला, “काका, बालमंदिरात ॲडमिशन चालू आहे?” मोहितेनं मान वर न करता उत्तर दिलं, “एक सीट आहे. डबा घेऊन ये.”

तो बोलायला लागला होता.

पण पुस्तक हातात आलं म्हणून अपूर्णांक डोक्यात शिरत नव्हता. आणि मला तो कुठून येणार? मीच पाचवी सोडलेली. दोघं पानाकडे बघत बसायचो. एका रात्री मी सहज बाइंडिंगचा एक कोरा ताव आणला. म्हटलं, “मला गणित येत नाही. घडी घालता येते.”

ताव एकदा मोडला. “किती झाले?”

“दोन.”

“एकेक भाग म्हणजे एक द्वितीयांश.” परत मोडला. “आता?”

“चार.”

परत मोडला. आठ. घडीवर फाडून मी त्याच्या हातात आठातला एक दिला आणि दुसऱ्या तावाचा चारातला एक शेजारी ठेवला. “मोठा कोण?”

मोहितेनं लहान तुकडा मोठ्यावर ठेवून पाहिला. मग म्हणाला, “म्हणजे खालचा आकडा वाढला की वाटणीला माणसं वाढली.”

एवढं वाक्य पुस्तकातही नव्हतं. मी पाहिलं होतं.

तिथून तो थांबला नाही. तीन महिने, एक रात्र चुकली नाही. वर्कशॉपची पाळी संपवून यायचा, दीड वाजता सायकलनं छाणीला घरी जायचा. ताप आला तरी आला. पाचवीचं संपवलं, सहावीचं, सातवीचं. आम्ही एवढे ताव मोडले की मला बाईंकडे कोऱ्या कागदाची मागणी करावी लागली. कारणाच्या जागी मी लिहिलं, ‘बाइंडिंग’. ते खोटं नव्हतं, असं मला अजून वाटतं.

•

परीक्षेला आठ दिवस होते. रात्री साडेदहाला बाहेर गाडी थांबली. सेक्रेटरीसाहेब. न सांगता पाहणी करायची त्यांना सवय. कोट, चष्मा, हातात टॉर्च. वाचनकक्ष पाहिला, पंखे मोजले आणि मग बालविभागात दिवा दिसला.

मी मागोमाग गेलो. माझी नोकरी गेली तर गेली, पण बाईंचं नाव यायला नको, आणि या आठ दिवसांत ही खोली बंद व्हायला नको.

साहेब दारात उभे. समोर मोहिते, गुडघे वर, टेबलभर कागदाचे तुकडे.

“शुं छे आ?” साहेब मला म्हणाले. मग मराठीत, “नाना, पाटी वाचता येते ना?”

“येते, साहेब. मी उघडलं. बाईंना माहीत नाही.”

“उद्यापासून बंद. आणि हे कोण?”

मी तोंड उघडलं, पण त्याआधी मोहिते उभा राहिला. तीन महिन्यांपूर्वी ज्याला “हाय”च्या पुढं जाता येत नव्हतं, तोच हा माणूस. त्यानं शर्ट नीट केला.

“मी वाचक, साहेब. वय एकोणचाळीस. दहावीचं गणित राहिलंय, ते पाचवीपासून राहिलंय, म्हणून इथं बसतो. पुस्तक बाहेर नेता येत नाही, म्हणून मी आत आलो. आठ दिवस द्या. नंतर पाटी खरी.”

“पाचवीचं गणित या वयात?” साहेब म्हणाले. “हे तर माझ्या नातवाला येतं.”

“तुम्हाला पण येत असेल,” मोहिते म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. “पाच अष्टमांश मोठा का तीन पंचमांश?”

साहेबांनी चष्मा वर केला. “तीन पंचमांश. पाचाचे तुकडे मोठे.”

“मला पण तसंच वाटायचं.”

“मग?”

मोहितेनं समोरची दुसरी छोटी खुर्ची ओढली. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसले. त्यांचेही गुडघे कानाशी गेले. मोहितेनं कोरा कागद घेतला, उभ्या रेघा मारून पाच पट्टे केले, आडव्या मारून प्रत्येकाचे आठ. “चाळीस घरं. पाच अष्टमांश म्हणजे यातली पंचवीस. तीन पंचमांश म्हणजे चोवीस. एका घरानं मोठा, साहेब.”

साहेबांनी बोटानं घरं मोजली. परत मोजली. मग कोट काढून माझ्याकडे दिला.

“दुसरं घाला,” ते म्हणाले.

मी कोट घेऊन काउंटरवर आलो. साडेअकरा वाजले. आतून कधी एकाचा आवाज, कधी दुसऱ्याचा. एकदा साहेब म्हणाले, “थांबा, सांगू नका.” बाराला ते बाहेर आले, कोट घातला, टॉर्च विसरले होते ती घ्यायला परत आत गेले, आणि गाडीत बसून गेले. खोलीबद्दल एक शब्द नाही. मी दुसऱ्या दिवशी मेमोची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही पाहिली. खोली चालू राहिली.

मोहितेनं पेपर दिला. गणितात अडतीस. श्रावणाच्या आधी तो त्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून रुजू झाला.

वर्षअखेरीला सुमतीबाई बालविभागाचं रजिस्टर तपासत होत्या. दिवसा मुलं त्यात स्वतःच्या हातानं नाव लिहितात, वय लिहितात, पुस्तक लिहितात. मी शेजारी पुठ्ठे लावत होतो. बाई एका पानावर थांबल्या, चष्मा पुसला आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

सहा, सात, नऊ अशा वयांच्या खाली, पाहणीच्या त्या रात्रीच्या तारखेला, वळणदार अक्षरात सेक्रेटरीसाहेबांचं पूर्ण नाव होतं. वयाच्या रकान्यात एकसष्ट. पुस्तकाच्या रकान्यात: इयत्ता पाचवी, गणित. आणि शेरा: ‘उरलेलं उद्या.’